वाढत्या अंगाचं घ्यायचं, पण नक्की किती? (शाळेचे बूट आणि गणवेश)

कस्तुरी_ना

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. मुलाला नऊ पूर्ण झाली, यंदा पाचवीत नवीन शाळेत जातोय, त्यामुळे बूट, पँट, शर्ट सगळंच नव्याने घ्यायचं आहे. गेल्या जूनमध्ये काळे बूट १ नंबरचे घेतले होते. दिवाळीपर्यंत ठीक होते, जानेवारीपासून तो टाच दाबून, चपलेसारखे पाय सरकवून घालायला लागला. आम्हाला वाटलं आळस करतोय. मार्चमध्ये डाव्या बुटाचं तोंड फुटलं.

यंदा दुकानदार २ नंबर काढतो. सासूबाई म्हणतात, पोर वाढत्या अंगाचं आहे, ३ घ्या म्हणजे सहावीलाही होतील. त्यांचंही बरोबर वाटतं, कारण आठशे रुपयांचे बूट वर्षभरही जात नसतील तर त्रास होतोच. गणवेशाचंही तसंच आहे. शाळेने तयार गणवेशाचं दुकान सांगितलंय, पण त्याच रंगाचं कापड घेऊन शिवलं तरी चालेल असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. तयार घ्यावा की शिवावा, आणि दोन्हीकडे वाढीला जागा किती ठेवावी?

माणिकदा

ताई, सासूबाईंचं ऐका. ३ नंबर घ्या, पुढे थोडा कापूस कोंबा आणि आत एक जादा सोल टाका. पाय वाढला की कापूस काढायचा, मग सोल काढायचा. आमच्या घरी चार भावंडं अशीच शिकली, कुणाच्या पायाला काही झालं नाही.

रानवारा

मुळात शाळेने ठरावीक दुकान सांगायचंच कशाला? पालक-शिक्षक संघात हा विषय घ्या. आमच्याकडे पालकांनी एकत्र येऊन लेखी पत्र दिलं तेव्हा कुठे बाहेरून घ्यायला परवानगी मिळाली.

कस्तुरी_ना

रानवारा, आमच्याकडे सक्ती नाहीये हो, बाहेरून शिवायला परवानगी आहे. प्रश्न मापाचा आहे.

तळपाय

कस्तुरीताई, कराडला आमचं चपला-बुटांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जूनचे पहिले पंधरा दिवस आम्ही फक्त शाळेचे बूटच विकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मुलाबद्दल. तो आळस करत नव्हता. बूट आखूड झाला की मूल आधी टाच दाबतं, कारण टाच बाहेर काढल्याशिवाय बोटांना जागाच मिळत नाही. या वयात पाऊल मऊ असतं, दाबलं तरी दुखतंय असं मूल सांगत नाही. म्हणून तक्रारीची वाट पाहायची नाही. टाच चुरगाळलेली, मोज्याला अंगठ्याशी भोक, संध्याकाळी बोटांच्या टोकांवर लाली, यातलं एक जरी दिसलं तरी माप घ्यायचं.

आता नंबर. हे नंबर इंग्रजी पद्धतीचे आहेत. एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो आणि लहान मुलांचा १३ संपला की पुन्हा १ पासून मोजणी सुरू होते. पण डब्यावर २ लिहिलंय म्हणून सगळे २ सारखे नसतात. बूट ज्या साच्यावर बेततात तो फर्मा जसा, तसा त्याचा नंबर. म्हणून नंबर विसरा आणि दोन मापं घ्या.

एक, पायाचं. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. शाळेत घालायचे तेच मोजे घाला. जमिनीवर कागद, टाच भिंतीला टेकलेली, मूल सरळ उभं, वजन दोन्ही पायांवर. सर्वांत लांब बोटापाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. काही मुलांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा अंगठाच मोजायचा असं नाही. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

दुसरं, बुटाचं. दुकानात बुटाच्या आतला सोल बाहेर काढून मोजा. तो चिकटवलेला असेल तर पुठ्ठ्याची पट्टी पायाच्या मापाची कापून न्या आणि आत सरकवा.

दोन्हींतला फरक १० ते १२ मिमी हवा. म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या साधारण निम्म्या रुंदीएवढा. मापं घेऊन इथे लिहा, मग बोलू.

माणिकदा

एवढं मोजमाप आमच्या वेळी कुणी केलं नाही. दुकानदार अंगठ्याने दाबून बघायचा आणि बरोबर सांगायचा.

तळपाय

माणिकदा, अंगठ्याने दाबणं मीही करतो. पण शाळेच्या बुटाचं नाक कडक असतं आणि दाबलं की मूल आत बोटं आखडून घेतं. मग बाहेरून जागा आहे असं वाटतं.

कस्तुरी_ना

काल रात्री मोजलं. उजवा २११ मिमी, डावा २१४. आज पट्टी घेऊन दुकानात गेले. १ नंबरचा आतला सोल २२० भरला, २ चा २२८, ३ चा २३७. सगळे एकाच कंपनीचे.

तळपाय

मग आता तुमच्याच आकड्यांनी बघू. मोठा पाय २१४.

१ नंबरमध्ये ६ मिमी उरतात. आज घातला तर अगदी फिट्ट, सुंदर दिसेल. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं पाऊल वर्षाला साधारण ८ ते १० मिमी वाढतं. गणपतीपर्यंतच तो तंग होईल आणि दिवाळीनंतर टाच दाबणं सुरू.

२ नंबरमध्ये १४ उरतात. मी म्हणालो त्यापेक्षा जरा जास्त, पण लेसचा बूट असेल तर सहज चालेल. वर्षअखेरीस चार-सहा मिमी उरतील, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत निघेल. फरक ५ च्या खाली आला की बूट बदलायचा, मग तो कितीही नवा दिसो.

३ नंबरमध्ये २३ मिमी, जवळजवळ एक इंच रिकामा. इथे कापसाचा प्रश्न येतो. बूट जिथे वाकतो ती जागा ठरलेली असते, बोटांच्या मुळाशी. पाय लहान आणि बूट मोठा असला की पाय एका जागी वाकतो आणि बूट दुसऱ्या जागी. कापूस पुढे भरला तरी ही जागा मागे येत नाही. त्यामुळे वरच्या रेग्झिनला चुकीच्या जागी घडी पडते आणि तिथेच चार महिन्यांत चीर जाते. मूल बोटांनी बूट धरून ठेवायचा प्रयत्न करतं, पायऱ्यांवर नाक अडकून पडतं. म्हणजे दोन वर्षं टिकावा म्हणून घेतलेला बूट पाय वाढायच्या आधीच फाटतो. जूनला मोठा नेलेला बूट डिसेंबरात फाटला म्हणून परत घेऊन येणारे पालक मला दर वर्षी भेटतात.

जादा सोलाचं मात्र माणिकदा बरोबर सांगतात. २ नंबर पायात थोडा ढिला वाटला तर आत पातळ सोल टाका. त्याने पाय वर उचलला जातो, लेस आवळली जाते आणि टाच घट्ट बसते. लांबी त्याने कमी होत नाही, ढिलेपणा कमी होतो. दिवाळीला तो काढून टाका.

माणिकदा

वाकण्याच्या जागेचं पटलं. तरी कापूस भरलेल्या बुटात मी पाच किलोमीटर चालत शाळेत गेलोय, एवढं सांगून ठेवतो.

मेघना_लेस्टर

इथे इंग्लंडमध्ये मुलांच्या बुटांना लांबीबरोबर रुंदीही असते. क्लार्क्ससारख्या दुकानात पाय मोजून एफ, जी, एच अशी रुंदी सांगतात. माझ्या मुलीचा पाय रुंद आहे. भारतात सुट्टीत बूट घेतला की रुंदीसाठी एक नंबर मोठा घ्यावा लागतो आणि मग तो लांबीला जास्त होतो. तळपाय, तिकडे रुंदीचं काय करतात?

तळपाय

मेघनाताई, खरं सांगायचं तर आमच्याकडे शाळेचा बूट बहुतेक एकाच रुंदीत येतो. रुंद पायाला मी लेसचा बूट देतो, कारण वेलक्रोचा पट्टा ठरावीकच उघडतो आणि लेस मात्र खालपर्यंत सैल करता येते. बुटाचं नाक टोकदार नको, गोल हवं. आतला सोल जमिनीवर ठेवून मुलाला त्यावर उभं करा. पायाची कड सोलाच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट घेऊ नका.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पायांची मोजणी करून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. आपल्याकडचे पाय रुंद आहेत हे त्यातही पुढे आलं. माझ्या कपाटातले सगळे डबे मात्र अजून इंग्रजी नंबरांचेच आहेत.

सुखदा

मी वेगळं करते. सेलमध्ये पुढच्या नंबरचा जोड आधीच घेऊन ठेवते. पण गेल्या वर्षी डब्यातून नवा कोरा बूट काढला, मुलगी पहिल्या दिवशी घालून गेली आणि दुपारी सोलाचा चुरा होऊन पडला. एकदाही न घातलेला बूट! भेसळीचा माल असेल का?

तळपाय

भेसळच असेल असं नाही, ताई. तो पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा सोल असणार. पीयू हलका आणि मऊ, मुलांना आवडतो, पण हवेतल्या ओलाव्याने तो आतून सडतो. घातला नाही तरी सडतो, डब्यात बंद ठेवला तर लक्षातही येत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे डब्यात काढलेला जोड मी भरवशाने देत नाही. सेलमध्ये जो माल निघतो तो आधीच दुकानात पडून असतो, हे धरून चला. घेताना नखाने सोलाची कड दाबा. चिकट लागली किंवा भुगा निघाला तर ठेवून द्या. असा सोल चिकटवूनही दुरुस्त होत नाही, कारण डिंक धरायला घट्ट काही उरलेलंच नसतं.

पीव्हीसीचा सोल असा चुरा होत नाही. तो जड असतो, ओल्या फरशीवर जास्त घसरतो, पण मैदानात फुटबॉल खेळणाऱ्या पोराला तोच जास्त टिकतो. वरच्या भागावरच ओतून बसवलेला सोल असेल तर बाजूने उघडायची भीतीही कमी. नुसता चिकटवलेला असेल तर कडेला शिलाई फिरवलेली आहे का बघा. कस्तुरीताई, तुमच्या मुलाच्या बुटाचं तोंड फुटलं ते आखूडपणामुळे की खेळण्यामुळे, हे सोल बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. बहुतेक दोन्ही.

कस्तुरी_ना

डब्यांबरोबर खेळतो, दगड, बाटली, जे सापडेल ते लाथाडतो. मग पीव्हीसीच बरा.

अपूर्वा_रत्नांग्री

कोकणातून एक सुचवते. आमच्या शाळेत जून ते ऑगस्ट पावसाळी सँडल चालते. त्यामुळे मी काळे बूट जूनमध्ये घेतच नाही. गणपतीच्या आसपास पाय मोजते आणि तेव्हा घेते. तीन महिन्यांची वाढ सँडलमध्ये निघून जाते. सँडलला बोटं पुढे मोकळी असतात, थोडं मागेपुढे चालतं. शिवाय नवे बूट भिजून बुरशी धरत नाहीत. तुमच्या शाळेला विचारून बघा.

तळपाय

दुकानदार म्हणून माझं नुकसान आहे, पण ताईंचा सल्ला सोन्यासारखा आहे. भिजलेला बूट वाळवायचा असेल तर आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की चिकटवण सुटतं.

शिलाईघर

बुटाचं झालं असेल तर गणवेशाकडे वळू. मी सांगलीत शिवणकाम करते, जूनमध्ये गणवेशच जास्त.

कस्तुरीताई, शिवून घ्या. बुटाला वाढवता येत नाही, कापडाला येतं, पण ती वाढ आत ठेवावी लागते, बाहेर दिसायला नको. तयार पँट उलटी करून बघा. शिवणीला माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, अर्धाच इंच, कडेने ओव्हरलॉक मारलेलं. उसवलं तर सोडायला काही नसतंच.

या वयात मुलाची उंची वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा पायांचा. म्हणजे पँटची लांबी वर्षाला सव्वा इंच वाढवावी लागते. मोहरीला अडीच इंच दुमड ठेवली की दीड-दोन वर्षं निघतात. पण पँट लांबीने आखूड होण्याआधी आसनाला तंग होते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. मूल वर्गात मांडी घालून बसतं आणि मागची शिवण टरकते. म्हणून बेतताना आसन अर्धा इंच जास्त घ्यायचं, आणि मागच्या मधल्या शिवणीला दीड इंच माया ठेवायची. कंबर त्यातूनच सुटते. कंबरपट्टीही मागे जोड ठेवून शिवायला सांगा, अखंड असेल तर माया असूनही उपयोग नाही.

शर्टाचं उलट. खांदा वाढत्या अंगाचा घेऊ नका. अर्धा इंच उतरला तर चालेल, त्याहून जास्त नको. मुंढा फार मोठा केला तर हात वर करताच सगळा शर्ट वर येतो आणि पँटमधून सुटतो. शर्टाला उंची दोन इंच जास्त द्या, ती पँटच्या आत खोचली जाते. छातीला चार इंच ढिलाई ठेवा, बस.

कस्तुरी_ना

दुमड सोडली की जुन्या घडीची पांढरी रेघ दिसते, त्याचं काय करायचं? थोरल्या जावेच्या मुलीच्या स्कर्टवर तीन रेघा दिसतात.

शिलाईघर

रेघ दोन कारणांनी येते. एक घडी बसल्यामुळे. तिच्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं फडकं ठेवा आणि इस्त्री दाबा, बऱ्यापैकी निघते. दुसरी घासून रंग गेल्यामुळे. ती जात नाही. म्हणून दुमड मशीनच्या टीपेने न घालता हातशिलाईने घालून घ्या, सुईची भोकं तरी राहत नाहीत. गडद निळ्या टेरिकॉटवर रेघ कमी दिसते, सुती कापडावर जास्त. स्कर्टला मी खालच्या दुमडीऐवजी आतून, पट्टीजवळ आडवी चूण घालते. सोडली तरी रेघ शर्टाखाली झाकली जाते.

सुती कापड घेतलं तर शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या दोन धुण्यांत आटतं आणि ठेवलेली वाढ तिथेच संपते.

रानवारा

किती जोड घ्यावेत? आमच्या शाळेच्या दुकानात जूननंतर काही मिळतच नाही.

शिलाईघर

शक्य असेल तर जूनमध्ये दोन आणि दिवाळीनंतर एक, नव्या मापाने. शिवून घेणार असाल तर तिसऱ्या जोडाचं कापड मात्र जूनमध्येच एकत्र घेऊन ठेवा, पुढच्या गठ्ठ्यातल्या कापडाचा रंग हुबेहूब जुळेलच असं नाही. कापड वाढत नाही, मूल वाढतं, म्हणून कापड आधी घ्या आणि कात्री नंतर लावा.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून एकत्रित शिवणकाम झालं. कापड एकसारखं आलं, पण कुणाला खांदा उतरता तर कुणाला पँट गुडघ्यावर. पुढे तो निर्णय बदलून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. दोन गणवेशांना ६०० रुपये आणि एक जोड बूट व दोन जोड मोजे यांना १७० रुपये, एवढ्यात बसवायचं असतं. १७० मध्ये तळपाय सांगतात तसा बूट येत नाही, हे उघड आहे.

तरी एक जमलं. घाऊक व्यापारी नंबरांचा ठरलेला संच पाठवतो, मधले जास्त, टोकाचे कमी. आम्ही तसं न घेता प्रत्येक मुलाला वर्तमानपत्रावर उभं करून दोन्ही पावलांची खूण केली, नाव लिहिलं आणि मिलिमीटरमध्ये यादी दिली. व्यापाऱ्याने आधी कुरकुर केली, मग दिलं. चौथीत १३ नंबरची मुलंही निघाली आणि ४ नंबरचीही. इयत्तेवरून नंबर ठरवता येत नाही हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

तळपाय, तुम्हाला एक विचारायचं आहे. आमच्याकडे थोरल्याचे बूट धाकट्याला येतात. ते बंद करा असं मी पालकांना सांगू का?

तळपाय

गुरुजी, नुसतं बंद करा असं मी सांगणार नाही. बूट तीन-चार महिनेच घातलेला असेल, सोल एका बाजूला झिजलेला नसेल आणि टाचेचा कप दाबल्यावर ताठ असेल तर द्यावा. टाच चुरगाळलेली असेल तर नको. तो बूट दुसऱ्याच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो.

मेघना_लेस्टर

इथे मला पाय तपासणाऱ्या बाईंनी वापरलेले बूट अजिबात देऊ नका असं सांगितलं होतं.

पाटीपेन्सिल

मेघनाताई, तुमच्या तिथे ते जमत असेल. माझ्या वर्गात थोरल्याचा बूट नाही म्हणजे स्लिपर किंवा अनवाणी. मी टाचेचा कप बघून सांगत जाईन.

माणिकदा

गुरुजींचं मला पटतं. अनवाणीपेक्षा थोरल्याचा बूट केव्हाही बरा.

कस्तुरी_ना

शाळेला विचारलं. सँडलला ऑगस्टअखेरपर्यंत परवानगी आहे, पण कवायतीच्या दिवशी पांढरे कॅनव्हास बूट हवेतच. म्हणून आत्ता सँडल घेतले, कॅनव्हास घ्यायचेत, काळे बूट सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजून. पँट शिलाईघर यांनी सांगितल्याप्रमाणे शिवायला टाकली. शिंपीदादांनी मागच्या शिवणीला दीड इंच माया ठेवायला आधी नाही म्हटलं, कापड जास्त लागतं म्हणाले. पाव मीटर जादा दिल्यावर तयार झाले.

आता एकच उरलं. कॅनव्हासला आतला सोल निघत नाही आणि नाक मऊ आहे. त्यालाही १२ मिमीच धरायचे का?

तळपाय

कॅनव्हासला १० पुरे, ताई. त्याला लेस पक्की बांधली की पाय पुढे सरकत नाही, आणि आठवड्यातून एकदाच घालणार. पुठ्ठ्याची पट्टी २२४ ची कापा आणि आत सरकवून बघा, वाकली नाही तर घ्या. मात्र कॅनव्हास धुतल्यावर आटतं. पहिल्या धुण्यानंतर पट्टी पुन्हा एकदा घालून बघा.